फरशी पुसण्याचा दिवस

फोनने फोटोतल्या मजकुराचं भाषांतर करताना दोन वेगळी कामं होतात. आधी चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर तयार होतो, मग त्या मजकुराचं भाषांतर. चूक पहिल्या टप्प्यात झाली तर दुसरा टप्पा ती दुरुस्त करत नाही. उलट तिला नीटनेटक्या वाक्यात बसवतो, आणि वाचणाऱ्याला काही चुकलंय अशी शंकाही येत नाही.

काटोलला माझ्या वहिनीकडे फेब्रुवारीत पुतणीच्या शाळेचं असंच एक परिपत्रक आलं. शाळा इंग्रजी माध्यमाची, परिपत्रक इंग्रजीत, आणि डायरीत चार घड्या घालून ठेवलेलं. दादा मृग बहाराच्या संत्र्यांच्या तोडणीत अडकलेला. वहिनीने दिव्याखाली फोटो काढून फोनवर भाषांतर केलं. ते असं निघालं :

'जे प्रभाग अस्वस्थ आहेत किंवा औषधोपचारावर आहेत त्यांना १० फेब्रुवारी रोजी गोळी दिली जाईल. त्यांना तीच गोळी फरशी पुसण्याच्या दिवशी, १७ फेब्रुवारी रोजी दिली जाईल. पालकांनी वर्गशिक्षकांना लेखी कळवावे.'

पुतणीला दोन दिवसांपासून ताप होता, औषध सुरू होतं. वहिनीने मला फोन केला, "भाऊजी, आजारी पोरीलेच दोनदा गोळी देतात का?"

प्रभाग म्हणजे 'वॉर्ड'. शाळेच्या इंग्रजीत वॉर्ड म्हणजे पाल्य, पण नगरपालिकेतही वॉर्ड असतो आणि दवाखान्यातही. 'मॉप-अप डे' म्हणजे राहून गेलेल्यांसाठी ठेवलेला दिवस. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. त्या दिवशी शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. दोन वर्षांवरच्या मुलांना ती ४०० मिलिग्रॅमची असते. जे गैरहजर किंवा आजारी असतील, त्यांना नंतर ठरलेल्या दिवशी. हे शब्द विचित्र वाटतात म्हणून निदान सापडतात तरी.

खरा घात पहिल्या वाक्यात होता. मूळ कागदावर 'विल नॉट बी गिव्हन' असं होतं. उभी घडी नेमकी 'नॉट' वरून गेली होती, दिव्याची सावली तिथेच पडली, आणि ओळखलेल्या मजकुरातून तो शब्दच गेला. 'गोळी दिली जाईल' हे मराठी म्हणून निर्दोष आहे, म्हणूनच धोक्याचं. वहिनीचा प्रश्न मात्र अचूक होता. एकाच मुलाला आठवड्यात दोनदा तीच गोळी, हे जुळत नाही. दोन वाक्यं एकमेकांशी भांडू लागली की आधी फोटोवर संशय घ्यावा.

भाषांतर उलटं इंग्रजीत करून पाहणं इथे कामाचं नाही. जो शब्द पहिल्याच टप्प्यात हरवला, तो उलट फेरीत परत येत नाही. त्यापेक्षा फोनने ओळखलेला इंग्रजी मजकूर उघडून कागदाशी शब्दाला शब्द लावून पाहावा. इंग्रजी समजत नसली तरी अक्षरांचे आकार जुळवता येतात. तारखा, आकडे आणि घडीवरचे शब्द आधी. वहिनीने कागद उलट्या घडीने सपाट केला, सकाळच्या उजेडात ओट्यावर ठेवून सरळ वरून पुन्हा फोटो काढला, एकावेळी अर्धंच पान. 'नॉट' परत आला.

उरलं उत्तर. वहिनीला वाटत होतं, इंग्रजी शाळेला इंग्रजीतच लिहावं लागेल. पण मग तिचं मराठी भाषांतरातून जाणार, आणि काय बिघडलं हे तिला वाचता येणार नाही. मॅडम मराठी बोलतात. म्हणून चिठ्ठी मराठीत, आणि त्यात आपल्याला काय समजलं तेही लिहायचं, म्हणजे चुकलं असेल तर वाचणाऱ्याला लगेच दिसतं. वहिनीने लिहिलं :

'आदरणीय मॅडम,
जंताच्या गोळीचं परिपत्रक मिळालं. मी ते फोनवर भाषांतर करून वाचलं. मला असं समजलं, की आजारी मुलांना १० तारखेला गोळी देणार नाहीत, १७ तारखेला देतील. माझ्या मुलीला दोन दिवसांपासून ताप आहे, औषध सुरू आहे. ती १० तारखेला शाळेत आली तरी तिला गोळी देऊ नये. १७ तारखेला बरी असेल तर द्यावी. माझ्या समजण्यात चूक असेल तर याच कागदावर मराठीत लिहून पाठवावे.'

खाली मुलीचं नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, स्वतःचा फोन नंबर आणि सही. औषधाचं नाव तिने चिठ्ठीत भाषांतर करून लिहिलं नाही, पाकिटावरची अक्षरं जशीच्या तशी उतरवली.

दुसऱ्या दिवशी डायरीतून तोच कागद परत आला. खाली लाल पेनाने मराठीत लिहिलं होतं : 'बरोबर समजलात. १७ ला ताप असला तर तेव्हाही कळवा. आणखी दोन पालकांनी आज हेच विचारलं, म्हणून वर्गात मराठीतूनही सांगितलं आहे.'