चांगल्या डोळ्याला भोक

काकूच्या उजव्या डोळ्याचं जे झालं त्यात माझा हात आहे. घरात हे मी कबूल केलं, काकूसमोर केलं. इथे लिहितो ते एवढ्यासाठी की ज्या समजुतीवर मी तेव्हा बोललो, ती चष्म्याच्या धंद्यातल्या पुष्कळांची समजूत आहे.

बेल्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. गाव तेलंगणातलं, पाट्या तेलुगूत, पण बोलणं मराठीत. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. वीस-बावीस वर्षं मी नंबर काढतो आहे. काकू तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. तिला लांबचं पाहायला प्लस साडेतीनचा नंबर, आणि वाचायला त्यावर आणखी जास्तीचा. चष्मा लावला की तक्त्याची शेवटची ओळ ती सहज वाचायची.

एका शिबिरात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यावर आरशाचं भिंग ठेवून तपासलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: दोन्ही डोळ्यांचा कोन अरुंद, लेसर करून घ्यावं. दाब सोळा, म्हणजे अगदी ठीक. चिठ्ठी घेऊन ती थेट माझ्याकडे आली. “बापू, डोया तं चांगला हाय. चांगल्या डोयाले भोक कायले पाडा लागते?”

मी चिठ्ठी वाचली. काचबिंदू म्हणजे दाब वाढणं, एवढंच मला ठाऊक होतं. दाब सोळा आहे, नजर पूर्ण आहे, मग लेसर कशाला? मी म्हणालो, “काही गरज नाही काकू. दर वर्षी दाब मोजत जाऊ.” तिला हेच ऐकायचं होतं. मला नकार देणं सोपं वाटलं, कारण शिबिरातून पाठवलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेकडे मी संशयानेच पाहायचो.

मी काय विसरलो होतो ते सांगतो. विसरलो म्हणण्यापेक्षा, ते मी कधी नीट शिकलोच नव्हतो. लांबचं पाहायलाच प्लसचा नंबर लागतो, तो डोळा सहसा आखूड असतो. साधारण माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे साडेतेवीस मिलिमीटर भरतो. काकूचा पुढे मोजला तेव्हा एकवीसच्या थोडा वर निघाला. डोळा आखूड, पण आतलं भिंग मात्र सगळ्यांसारखंच, आणि ते वयाबरोबर जाड होत जातं. ते पुढे सरकतं आणि बाहुलीभोवतीच्या तपकिरी पडद्याला मागून रेटतं. चाळिशीनंतर वाचायला सगळ्यांनाच प्लस लागतो, त्या प्लसचा याच्याशी संबंध नाही. दुकानात मी दोन्ही एकाच पेटीतून काढून देत होतो, म्हणून माझ्या डोक्यातही ते एकच होऊन बसले होते.

डोळ्यात पाणी तयार होतं ते पडद्याच्या मागे. वीस-पंचवीस मिनिटांत एक थेंब, पण अखंड. ते भिंग आणि पडदा यांच्या फटीतून बाहुलीवाटे पुढे येतं आणि पडदा जिथे पांढऱ्या भागाला भिडतो, त्या कोपऱ्यातल्या जाळीतून निचरून जातं. हा कोपरा म्हणजे कोन. भिंग पडद्याला चिकटलं की पाणी मागे अडतं. मग पडदा फुगतो, कापसाच्या ढिगावरची ताडपत्री वाऱ्याने फुगते तसा. फुगलेली कड कोपऱ्यातल्या जाळीवर जाऊन बसते, आणि निचरा बंद. एखाद्या डोळ्यात हे अधूनमधून, थोडंथोडं होतं. तेव्हा दिव्याभोवती रंगीत वर्तुळं दिसतात, कपाळ दुखतं आणि झोपलं की बरं वाटतं. एखाद्यात एका रात्रीत सगळा कोन मिटतो. आदल्या दिवशी मोजलेला दाब सोळा असला तरी! दाब आज किती आहे ते मापाने कळतं. कोन उद्या मिटेल का, ते कळत नाही. ही एक गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर मी वेगळं बोललो असतो.

पौषातली रात्र होती. काकूला सर्दी झाली होती, तिने सर्दीची गोळी घेतली. अशा गोळ्यांतली काही औषधं बाहुली मोठी करतात, आणि त्यांच्या पाकिटावर काचबिंदूविषयी इशारा असतो. तो मी कधी कुणाला वाचून दाखवला नव्हता. संध्याकाळी वीज गेली, तीन-चार तास अंधार. अंधारात बाहुली अर्धवट मोठी होते, आणि पडदा भिंगाला सर्वांत घट्ट चिकटतो तो नेमका याच अवस्थेत. रात्री दहाला तिचं अर्धं डोकं ठणकू लागलं. मग उलट्या. चुलतभाऊ मला बोलवायला आला. मी गेलो, तिला तोंड धुवायला लावलं आणि म्हणालो, “पित्त झालंय.” आम्लपित्ताचं औषध दिलं. बॅटरी माझ्या खिशात होती. डोळ्यात मारून पाहिली नाही.

सकाळी वहिनीने पाहिलं: उजवा डोळा लाल, समोरची काच वाफ धरल्यासारखी धूसर, बाहुली अर्धवट उघडी आणि उजेडाला हलत नाही. काकूला माझा हात फक्त हलताना दिसत होता. गाडी करून तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. दाब अठ्ठावन्न निघाला.

तिथे शिरेतून मॅनिटॉल दिलं, अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या दिल्या, दाब उतरवणारे थेंब टाकले. बाहुली बारीक करणारे पायलोकार्पिनचे थेंब मात्र लगेच टाकले नाहीत. मी विचारलं, तेव्हा तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “इतक्या दाबात पडद्याच्या स्नायूला रक्तच पोचत नाही, थेंब टाकला तरी तो आकसणार कसा? आधी दाब खाली येऊ द्या.” दुसऱ्या दिवशी समोरची काच निवळली. तेव्हा त्यांनी उजव्या डोळ्यावर लेसर केलं आणि त्याच बैठकीत डाव्यावरही. डाव्याला अजून काहीच झालेलं नव्हतं. मी या वेळी तोंड उघडलं नाही. एका डोळ्याला झटका आला की दुसऱ्याचा घाटही तसाच असतो; लेसर न केलेल्या अशा दुसऱ्या डोळ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पुढच्या पाचेक वर्षांत झटका येतो, हे त्यांनी मला नंतर समजावलं.

डाव्याचं लेसर मी जवळ उभा राहून पाहिलं. आधी पायलोकार्पिन टाकलं, म्हणजे पडदा ताणून पातळ होतो. त्याने कपाळ जरा दुखतं. मग सुन्न करणारा थेंब, आणि डोळ्यावर एक छोटं भिंग, ज्यातून किरण एका बिंदूवर येतो. याग लेसर. वरच्या पापणीखाली झाकली जाईल अशी जागा निवडली. टक्, टक्, असे चार-पाच आवाज. आपल्याकडचे पडदे गडद आणि जाड, त्यामुळे एका ठोक्यात भागत नाही. अखेरच्या ठोक्याला छिद्रातून तपकिरी रंगाची धूळ पाण्याबरोबर पुढे उसळली, मॅडम म्हणाल्या, “आरपार झालं.” छिद्र मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं. पण आता मागचं पाणी बाहुलीची वाट न पाहता त्यातून पुढे येतं, दोन्हीकडचा दाब सारखा होतो, ताडपत्रीला भोक पडलं की ती खाली बसते तसा पडदा मागे पडतो आणि कोन उघडतो. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. तासाभराने दाब पुन्हा मोजला, कारण लेसरनंतर तो काही वेळ चढू शकतो. आठवडाभर सूज उतरवणारे थेंब दिले.

उजवा डोळा पूर्ववत झाला नाही. नजर सहा-अठराशी थांबली, नाकाकडची बाजू अंधुक राहिली, बाहुली किंचित वाकडी झाली. कोनाचा काही भाग जाळीला कायमचा चिकटून बसला होता, आणि चिकटलेलं लेसरने सुटत नाही. म्हणून त्या डोळ्यात रोज रात्री थेंब टाकावा लागतो. डाव्याला थेंब नाही, त्रास नाही. एकच घर, एकच वय, एकच नंबर. दोन डोळ्यांत फरक इतकाच की एका डोळ्यात छिद्र आधी पडलं आणि दुसऱ्यात झटक्यानंतर.

यानंतर माझी मजल उलट्या टोकाला गेली. प्लसवाला गिऱ्हाईक दिसला की मी लेसर कर म्हणून मागे लागायचो. चार-पाच जणांना मी घाबरवून पाठवलं. त्यांतल्या दोघांचा कोन मोकळा निघाला, आणि डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं. मॅडमनी मला फोन करून चीनमधल्या ग्वांगझूच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तो २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोन्ही कोन अरुंद असलेल्या ८८९ जणांचा एकेक डोळा लेसरला निवडला, दुसरा तसाच ठेवला, आणि सहा वर्षं पाहिलं. न केलेल्या डोळ्यांपैकी पाच डोळ्यांना झटका आला, केलेल्यांपैकी एकाला. लेसरने धोका कमी केला हे खरं. पण न केलेल्यांतही बहुतेकांना काहीच झालं नाही, हेही खरं. वेलूरच्या पाहणीत मात्र अशा पन्नास जणांपैकी अकरा जणांचा कोन पाच वर्षांत मिटू लागला होता. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर ठेवूनच डॉक्टर ठरवतात.

म्हणून “सगळ्यांनी करा” हेही मी आता सोडून दिलं आहे. मॅडमकडून मी विचारायचे प्रश्न शिकलो. घरात कुणाला झटका आलाय का? दिव्याभोवती वर्तुळं दिसतात का? मधुमेहामुळे डोळ्याच्या मागचा पडदा तपासायला वारंवार बाहुली मोठी करावी लागते का? सर्दीची, नैराश्याची औषधं चालू आहेत का? आणि रात्री डोळा दुखला तर गाडी मिळायला किती वेळ लागेल? बेल्यासारख्या गावात हा शेवटचा प्रश्न फार जड आहे. शहरात ‘वाट पाहू’ म्हणणं वेगळं, इथे म्हणणं वेगळं. कुणाकुणाचा कोन लेसरनंतरही अरुंद राहतो, कारण त्यांच्यात पडद्याचं मूळच पुढे वळलेलं असतं. म्हणून लेसरनंतर ते आरशाचं भिंग पुन्हा लावून पाहावंच लागतं. मोतीबिंदूही असेल तर डॉक्टर कधी लेसरऐवजी भिंगच काढतात.

१९९६ ते २००० या काळात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने त्या वेळच्या आंध्र प्रदेशात मोठी पाहणी केली. तिच्या ग्रामीण भागांत आमचा आदिलाबाद जिल्हाही होता, आणि तीत लोकांचे कोन आरशाने पाहिले गेले. आमच्याच जिल्ह्यात हे घडून गेलं होतं, आणि मी वीस वर्षं चष्मे विकूनही कोन हा शब्द गंभीरपणे घेतला नव्हता.

आता दुकानात लांबचा प्लस नंबर निघाला आणि माणूस चाळिशीपुढचा असला, की मी त्याला मागे टेकून बसायला सांगतो, कानाच्या बाजूने बॅटरी पडद्याच्या पातळीत आडवी धरतो. कोन मोकळा असेल तर पडदा नाकापर्यंत उजळतो. उथळ असेल तर पडदा पुढे फुगलेला असतो आणि नाकाकडच्या अर्ध्यावर सावली पडते. ही चाचणी ढोबळ आहे, कधी चुकते. म्हणून सावली दिसली की मी लेसरचं नाव काढत नाही, चिठ्ठीवर फक्त ‘कोन आरशाने तपासावा’ असं लिहितो.

गेल्या आठवड्यात काकू दुकानात येऊन बसली होती. एका बाईच्या डोळ्यावर मी बॅटरी धरली, सावली दिसली, आणि त्या बाईने तोच प्रश्न विचारला: डोळा चांगला आहे, मग कशाला? मी उत्तर द्यायच्या आधी काकू उठली, तिच्याजवळ गेली, उजवा डोळा तळहाताने झाकला आणि म्हणाली, “ह्या डाव्याले भोक हाय, माय. पाय बरं दिसते का?” मग हात काढून डावा झाकला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “अन् ह्या डोयानं मले तू अर्धीच दिसतं.”