पावती नसलेली कामं

सोसायटीच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका पाहा. दीपप्रज्वलन सहाला, मुलांचे नाच साडेसहाला, बक्षीस समारंभ आठला. आभारप्रदर्शन शेवटच्या ओळीत असतं आणि त्याच्यापुढे वेळ लिहिलेली नसते. जे उरेल ते त्याचं. उरतं फार थोडं, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. आमच्या डोंबिवलीत प्रजासत्ताक दिनाच्या संध्याकाळी पावणेदहाला हातात माईक येतो, तेव्हा मागच्या बाजूला मसालेभाताच्या पातेल्याचं झाकण उघडलेलं असतं. त्या वासापुढे वक्तृत्व काय टिकणार?

हे काम बहुधा ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे येतं. आमच्याकडे ते माझ्याकडे आहे. त्यामुळे इतरांची भाषणंही मी जरा धंद्याच्या कानाने ऐकते. फसलेलं आभाराचं भाषण ओळखायला सोपं असतं. त्यात ‘सर्वप्रथम’ तीनदा येतं. पदांची यादी येते. हार्दिक, मनःपूर्वक, अंतःकरणपूर्वक हे तिघे आलटून पालटून येतात. ‘आभार मानून मी त्यांच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही’ हे वाक्य आलं की खुर्च्या सरकायला लागतात. ऐकणाऱ्यांचा यात दोष नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही यादी खाली नोटीस बोर्डावर वर्षभर लावलेली असते. ती पुन्हा भोंग्यावरून कशाला ऐकायची?

सहकार कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची ती वार्षिक सर्वसाधारण सभा, आणि तिच्या शेवटचे आभार ही वेगळी गोष्ट. ते इतिवृत्तात जातात, तिथे पदंच हवीत. स्नेहसंमेलनाचं इतिवृत्त कुणी लिहीत नाही. इथे बोललेलं ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहिलं तरच राहिलं.

म्हणून मी तयारी खजिनदारांकडून सुरू करते. त्यांच्याकडे पावत्यांची फाईल असते: मंडप, साउंड, केटरर, फुलं, बक्षिसं. प्रत्येक बिलामागे एक नाव असतं, आणि ती नावं पहिल्या पानावर उतरवली की निम्मं काम झालं. खरं काम दुसऱ्या पानाचं. तिथे ज्यांची पावती फाटत नाही ती माणसं. नाचाची तालीम कुणाच्या हॉलमध्ये झाली? स्टेजच्या दिव्यांना वीज कुणाच्या मीटरवरून घेतली? सतरंज्या कुणाच्या लग्नातल्या? हे खजिनदारांना माहीत नसतं. ते मुलांना विचारायचं. मुलं अचूक सांगतात, शिवाय कोणत्या घरी खाऊ मिळाला तेही सांगतात.

दुसरं पान भरत आलं की भाषण आपोआप वेगळं होतं, कारण त्यात पदांच्या जागी क्रियापदं येतात. अमुक यांचे आभार म्हणण्याऐवजी अमुक यांनी काय केलं ते सांगायचं. एका नावाला एक काम. ज्याचं काम सापडत नाही, त्याचं नाव पदामुळे घ्यावंच लागलं तर ते एका दमात इतरांबरोबर घ्यावं.

देणग्यांचे आकडे मात्र मी वाचत नाही. पाच हजारांनंतर पाचशे वाचले, की पाचशेवाला मान खाली घालतो. पुढच्या वर्षी तो काहीच देत नाही. सगळ्या देणगीदारांचे एकत्र आभार मानायचे आणि आकडे हिशेबाच्या कागदावर, नोटीस बोर्डाला.

टोमणाही नको. ‘काही सभासदांनी सहकार्य केलं नाही, तरीही’ असं म्हटलं की मागची वीस वाक्यं पुसली जातात. सगळ्यांच्या माना त्या ‘काही सभासदां’कडे वळतात आणि मग जेवणाच्या रांगेत दुसरा विषय नसतो. सोसायटीत भांडणं असणारच. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती खालच्या मजल्याच्या छतावर उतरते, आणि त्या दोन घरांत बोलणं नाही. यंदा गंमत अशी झाली, की दिव्यांच्या माळा लावताना खालच्यांनी शिडी धरली आणि वर चढलेले होते ते वरच्या मजल्यावरचेच. दोघांचे आभार एकाच वाक्यात मानायचा मोह मला फार झाला. ‘यांनी शिडी धरली आणि ते चढले’ म्हणजे टाळ्याच टाळ्या. पण तो मोह मी आवरला. चारचौघांत जुळवून आणलेला समेट दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात दोघांना जड जातो. शिडीचं वाक्य आधी गेलं, माळांचं नंतर, आणि मध्ये विजेची दोन वाक्यं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

आता लांबी. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. पातेल्याचं झाकण उघडल्यावर तीन मिनिटांपलीकडे कुणी थांबत नाही. त्यात मराठी दोन-अडीच मिनिटं आणि उरलेल्या वेळात इंग्रजी. आमच्या चाळीसेक बिऱ्हाडांत पाच-सहा घरं अशी आहेत, की त्यांना मराठी समजतं पण भाषणातलं नाही. इंग्रजीत सगळी यादी पुन्हा वाचली तर मराठी माणसं उठतात, म्हणून तिथे फक्त त्या घरांनी केलेलं काम आणि पाहुण्यांचे आभार. हा इंग्रजी भागही मी देवनागरीतच लिहून आणते. स्टेजवरचा उजेड नाचासाठी लावलेला असतो, कधी लाल तर कधी निळा. त्यात एका लिपीवरून दुसरीवर जाताना डोळा अडखळतो.

यंदाचा कागद असा होता. नावं काढून त्या जागी मजले घातले आहेत.

‘व्यासपीठावरचे मान्यवर, आणि समोर बसलेले, मागे उभे असलेले, गॅलरीतून बघणारे सगळे शेजारी, नमस्कार. माझ्यानंतर राष्ट्रगीत आहे आणि मग जेवण. तेव्हा तीन मिनिटं बसूनच राहा.

आपल्या प्रमुख पाहुण्या बाई आपल्याच भागातल्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. स्वतःचं भाषण झाल्यावर त्यांनी गाडी मागवली नाही. शेवटच्या नाचापर्यंत त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि स्टेजवर रडायला लागलेल्या आपल्या सशाला त्यांनी मांडीवर घेतलं. बाई, तुमचे मनापासून आभार.

ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी महिनाभर हॉलमधला सोफा भिंतीला उभा करून ठेवला, कारण तिथे आपली बारा मुलं तालीम करत होती. त्यांच्या खाली राहणाऱ्या आजोबांचेही आभार. बारा मुलांचे चोवीस पाय महिनाभर त्यांच्या डोक्यावर होते आणि ते एकदाही तक्रार घेऊन वर गेले नाहीत.

बी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या काकांनी दोन दिवस शिडी धरली. दिव्यांची वीज तळमजल्यावरच्या मावशींच्या मीटरवरून आली. बिल आलं की मावशी सांगणार नाहीत, म्हणून मी आत्ताच सांगते. माळा लावायला दुसऱ्या मजल्यावरचे दादा वर चढले, आणि उद्या काढायलाही तेच चढणार आहेत.

अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सगळे देणगीदार यांच्यामुळे मंडप उभा राहिला. पेन ड्राइव्ह चालेना तेव्हा साउंडवाल्या दादांनी स्वतःच्या मोबाइलवर गाणं शोधून लावलं. त्याची बिलात ओळ नाही. केटररच्या माणसांनी आजींसाठी बिनतिखटाचा भात वेगळा काढलाय, त्याचीही नाही.

उद्या सकाळी आपण झोपलेले असू तेव्हा आपल्या सफाईवाल्या ताई हे पटांगण झाडत असतील. त्यांचे आभार आज मानते, आणि प्लेट डब्यातच टाका असं सांगून ते जरा खरेही करते.’

इथे थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि टाळ्या संपायच्या आत इंग्रजी सुरू करायचं. टाळ्या संपू दिल्या तर लोकांना भाषण संपलंसं वाटतं.

‘गुड ईव्हनिंग, एव्हरीवन. आय विल बी ब्रीफ. डिनर इज रेडी. ऑन बिहाफ ऑफ द सोसायटी, आय थँक अवर चीफ गेस्ट, हू स्टेड टिल द लास्ट डान्स. आय थँक द फॅमिली ऑन द थर्ड फ्लोअर, हू ड्रू धिस लव्हली कोलम अ‍ॅट अवर गेट बिफोर सनराइज. आय थँक अवर नेबर, द नर्स, हू केम स्ट्रेट फ्रॉम हर नाइट ड्यूटी टु पिन अप ट्वेल्व्ह कॉस्च्यूम्स. अँड आय थँक ऑल ऑफ यू, हू सॅट थ्रू अवर मराठी जोक्स अँड लाफ्ड अ‍ॅट द राइट प्लेसेस. प्लीज स्टँड फॉर द नॅशनल अँथम, अँड देन जॉइन अस फॉर डिनर.’

ही झाली नव्वदेक शब्दांची गोष्ट, पाऊण मिनिटाची. भाषांतर म्हणून पाहिलं तर ती नापास होईल. कोलम आणि नर्स मराठीत नाहीत, शिडी आणि आजोबा इंग्रजीत नाहीत. पण तिसऱ्या मजल्यावरची आई कोलमचं वाक्य ऐकून नवऱ्याकडे वळली आणि तिने मान हलवली.

एक माणूस मात्र या दोन्ही कागदांतून निसटत होता. आमचा वॉचमन बिहारचा. वर्षानुवर्षं आम्ही त्याचे आभार मराठीत मानले, मग सोय म्हणून इंग्रजीतही मानायला लागलो. तो दोन्ही वेळा फाटकापाशी उभा राहून, स्टेजवर काय चाललंय याचा अंदाज घेत हसायचा. यंदा राष्ट्रगीताची विनंती करण्याआधी मी एकच वाक्य हिंदीत घातलं: ‘भैया, आज दिनभर सबकी गाड़ियाँ आपने लगवाईं और किसी को एक खरोंच नहीं आई, शुक्रिया।’ हे कागदावर नव्हतं; संध्याकाळी फाटकातून आत येताना त्याला दोन्ही हातांनी एक गाडी वळवून घेताना पाहिलं आणि सुचलं. सगळ्यात मोठी टाळी त्या वाक्याला पडली, ती टाळी सुरू केली ती गाडीवाल्यांनीच.

भाषण संपलं की माईक साउंडवाल्याच्या हातात द्यावा. टेबलावर ठेवला तर अध्यक्ष तो उचलतात, ‘फक्त दोन शब्द’ म्हणतात, आणि दहा वाजेपर्यंत बोलतात.