जप्त झालेले शेअर, परत घेतलेले शेअर

शेअर जप्त केले काय किंवा कंपनीने स्वतःच परत विकत घेतले काय, भागभांडवल घटतेच. पण जप्तीत तिजोरीतून एक पैसाही जात नाही, तर बायबॅकमध्ये रोख रक्कम भागधारकाच्या हाती पडते. नोंदींमधला सगळा फरक इथून निघतो.

समजा, 10 रुपये दर्शनी किमतीच्या 1,000 शेअरवर एका भागधारकाने शेअरमागे 7 रुपये भरले आणि शेवटचा 3 रुपयांचा हप्ता थकवला. रीतसर नोटिशीनंतर शेअर जप्त झाले की भागभांडवल खाते 10,000 रुपयांनी नावे पडते. 3,000 थकीत हप्ते खात्याला जमा होतात आणि आलेले 7,000 भाग जप्ती खात्याला. पैसा जागचा हलत नाही. ताळेबंदात तो भांडवलाच्याच सदरात राहतो.

पुढे यातले 600 शेअर पूर्ण भरलेले म्हणून 8 रुपयांना नव्या भागधारकाला दिले. शेअरमागे 2 रुपयांची सूट, म्हणजे 1,200 रुपये, जप्ती खाते सोसते. इथे हमखास घसरायला होते: 7,000 मधून 1,200 वजा करून उरलेले 5,800 सरळ भांडवली राखीव निधीत टाकले जातात. खरे तर नफा फक्त पुन्हा विकलेल्या 600 शेअरवर झाला आहे. त्यांचे आलेले पैसे 4,200, सूट वजा जाता 3,000; तेवढेच राखीव निधीत जातात. जप्ती खात्यात 2,800 उरले, म्हणजे न विकलेल्या 400 शेअरवर मिळालेले 7 रुपये, तर नोंद बरोबर आहे.

बायबॅक फक्त पूर्ण भरलेल्या शेअरचाच होतो. एका कंपनीचे भांडवल 10 लाख, शेअर अधिमूल्य 2 लाख आणि सर्वसाधारण राखीव निधी 8 लाख आहे. भांडवल आणि मुक्त निधी मिळून 20 लाख; त्याच्या 25 टक्के, म्हणजे 5 लाखांपर्यंत कायदा परवानगी देतो. कंपनीने 10 रुपयांचे 10,000 शेअर 40 रुपयांना घेतले. चार लाख बाहेर गेले: 1 लाख भांडवलातून, वरचे 3 लाख अधिमूल्यातून 2 आणि राखीव निधीतून 1 असे.

एवढ्यावर थांबले तर घेणेकऱ्यांच्या आधाराचे भांडवल 1 लाखाने आटते. म्हणून कंपनी कायदा, 2013 चे कलम 69 रद्द झालेल्या शेअरच्या दर्शनी किमतीएवढी रक्कम भांडवल विमोचन निधीत वळवायला लावते. ती सर्वसाधारण निधीतून येते, त्यामुळे तो 6 लाखांवर येतो. भांडवल 9, विमोचन निधी 1, सर्वसाधारण निधी 6: बेरीज 16 लाख. लाभांश म्हणून वाटता येईल अशी रक्कम मात्र आणखी 1 लाखाने घटली. विमोचन निधी पूर्ण भरलेले बोनस शेअर देण्यासाठी वापरता येतो, आणि तसा वापरला की तो पुन्हा भागभांडवलच होतो.