‘लोकं कामून हसले रे?’

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. त्यामुळे आमच्या परभणी जिल्ह्यात कीर्तनाला उभा राहिलेला कुठलाही महाराज कधी ना कधी जनाबाईंच्या जात्यापाशी येतोच. ही कीर्तनं आता यूट्यूबवर असतात आणि आमच्या घरात ती दोघं जण एकाच फोनवर ऐकतात-बघतात. आजीची नजर काचबिंदूनं गेलीय. काका तरुणपणी टाळकरी होते, पण आता त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. गावातल्या एका महाराजांच्या परवानगीनं मी त्यांच्या दीड तासाच्या कीर्तनाला कॅप्शन आणि वर्णन दोन्ही करायला घेतलं, ते या दोघांसाठी.

त्यातली आठ-नऊ सेकंदं सांगतो. महाराज म्हणतात, जनाबाई जात्यावर बसली आणि समोर बघते तर कोण! नाव घेतच नाहीत. कमरेवर हात ठेवून क्षणभर उभे राहतात, मग खाली बसून जातं ओढायला लागतात. मांडवात हशा पिकतो, टाळकरी ध्रुवपद उचलतात. इथं आजी हमखास विचारायची, ‘लोकं कामून हसले रे?’ काकांना हात दिसायचे, पण त्याआधीचं वाक्य ऐकू यायचं नाही. एकाच विनोदाची दोन अर्धुकं दोघांकडे!

कॅप्शनची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो:

```
WEBVTT

00:12:08.000 --> 00:12:12.000
जनाबाई जात्यावर बसली,
आणि समोर बघते तर कोण!

00:12:12.500 --> 00:12:16.500
[हशा. टाळकरी ध्रुवपद धरतात, लय चढते]
```

एका वेळी दोनच ओळी, आणि ओळ तोडायची ती अर्थ तुटतो तिथं. मराठीत यात एक खोच आहे. ‘विठ्ठल’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण कॉम्प्युटर सहा मोजतो: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. त्यामुळे ‘ओळ इतक्या अक्षरांवर तोड’ असं सॉफ्टवेअरला सांगितलं, तर ओळी निम्म्यातच संपतात. कधी तर तो जोडाक्षराच्या पोटातच सुरी घालतो. पुढच्या ओळीच्या सुरुवातीला ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेली वेलांटी दिसली, की समजायचं हेच झालंय. मी ओळी हातानंच तोडतो.

चौकटी कंसातला मजकूर काकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. नुसतं ‘[संगीत]’ लिहिलं तर त्यांना काहीच कळत नाही. लय चढली, मृदंग थांबला, फक्त टाळ उरले, असं लिहिलं की त्यांची बोटं मांडीवर चालू होतात. ध्रुवपद सातव्यांदा आलं म्हणून सातव्यांदा टाइप करायची गरज नाही. लय बदलली की मात्र सांगावं लागतं.

आजीचं काम जास्त अवघड. सिनेमात संवादांमध्ये शांतता असते, तिथं वर्णन बसवता येतं. कीर्तनात शांतता नसतेच. मग जागा कुठली? ध्रुवपदाची. ते आजीला पाठ असतं, त्यावर थोडं बोललं तरी तिचं काही बुडत नाही. निरूपणावर मात्र एक शब्दही बोलायचा नाही. वरच्या प्रसंगात चार सेकंदं मिळतात, म्हणजे माझ्या बोलण्याच्या वेगानं साधारण दहा शब्द: ‘महाराज कमरेवर हात ठेवून उभे, मग खाली बसून जातं ओढतात.’

‘विठ्ठल झाले’ असं मी म्हणत नाही. महाराजांनी नाव घेतलं नाही, ते मी का फोडू? कमरेवर हात म्हटल्यावर आजीला कोण ते कळतंच, आणि ती हसते. चार सेकंदं उशिरा, पण स्वतःहून.

माझा आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतो. मी बोलतो तेवढा वेळ मूळ आवाज आपोआप खाली जावा म्हणून Audacity मधलं Auto Duck वापरतो. तो फार खाली नेला तर टाळ मेल्यासारखे वाटतात, आणि आजी लगेच विचारते, ‘बंद पडलं का?’ वर्णनाचा व्हिडिओ मी वेगळाच चढवतो. एकाच व्हिडिओत माझी बडबड सगळ्यांना कशाला?

या कामाला एक मोठी मर्यादा आहे. आमच्या गल्लीत जन्मापासून ऐकू न येणारा एक मुलगा आहे. त्याची पहिली भाषा खुणांची. माझ्या मराठी कॅप्शन तो नेटानं वाचतो, पण अभंगाची जुनी मराठी त्याला परकीच. त्याला खुणांच्या भाषेत कीर्तन सांगणारा माणूस हवा, आणि ती भाषा मला येत नाही. काकांना ऐकून माहीत असलेलं परत मिळालं. त्याचं तसं नाही.

दीड तासाच्या कीर्तनाला माझे तीन रविवार गेले. सध्या शेवटचा गजर बाकी आहे. तिथं वर्णन बसवू नको, असं आजीनं बजावलंय. ‘तवा म्या बी म्हणत असते, तू मधी बोलू नको.’ काकांना मात्र तिथंच लयीची प्रत्येक पायरी लिहून हवीय.