'ते मेलं' आणि 'ती गेली'

मी शाळेत उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवते. सातवीच्या वर्गाला मराठीतली लिंगं शिकवताना मांजराचं उदाहरण नेहमी येतं. 'ते मांजर' नपुंसकलिंगी, पण घरातल्या मांजरीला नाव ठेवलं की ती लगेच 'ती' होते. मुलांना हे गमतीचं वाटतं. गेल्या पावसाळ्यात आमची नूरी गेली, तेव्हा या एका सर्वनामानं मला किती छळलं ते सांगते.

शेजारच्या चाचींनी विचारलं, "ते मांजर मेलं का तुमचं?" मी म्हणाले, "हो, नूरी गेली." माझं वाक्य ऐकून त्या जरा थबकल्या, मग हसल्या. "अगं, बिल्लीच तो थी! इतना क्या?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माणूस वारतो, इंतिकाल करतो, अल्लाहला प्यारा होतो, आणि जनावर नुसतं मरतं. दोन्ही भाषा येत असूनही माझ्याकडे तिच्यासाठी शब्द नव्हता. आणि शब्द नसला की लोक दुःखही नाही असंच धरून चालतात.

नूरी आमच्याकडे तेरा वर्षं होती. माझी धाकटी मुलगी तिच्यापेक्षा वर्षानं लहान. शेवटचे चार महिने ती आजारी होती. आधी ती पाणी फार पिऊ लागली, बादलीच्या काठावर बसून राहायची. मग वजन उतरू लागलं. सव्वाचार किलोची मांजर तीन किलोच्या खाली आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार पुष्कळ दिसतो आणि तो बरा होत नाही. मुलीनं विचारलं, "आपल्याला आधी का कळलं नाही?" ते म्हणाले की मूत्रपिंडाचं साधारण पाऊण काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसत नाही. तोवर मांजर खात असते, खेळत असते, आणि दुखणं लपवणं हा तर तिचा स्वभावच. हे उत्तर पोरीला फार उपयोगी पडलं. जनावर गेल्यावर घरात रात्री-अपरात्री उठणारा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो विचारायला बाहेर कोणी नसतं.

डॉक्टरांनी आम्हाला घरीच सलाईन द्यायला शिकवलं. शिरेतून नाही, कातडीखालून. एक दिवसाआड शंभर मिली. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, कारण गार सलाईन तिला सोसत नाही. मग ती पडद्याच्या दांडीला टांगायची, नूरीला टॉवेलवर घ्यायचं, खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची आणि त्या तंबूत सुई घालायची. पाठीवर पाण्याचं लहानसं उंटाचं कुबड यायचं. कधी ते घसरून पुढच्या पायाकडे उतरायचं आणि काही तासांत जिरून जायचं. मगरिबनंतर दहा-पंधरा मिनिटांचं हे काम. पहिल्या आठवड्यात ती गुरगुरायची, नंतर बाटली टांगताना पाहून स्वतःच टॉवेलवर येऊन बसायची.

शेवटी तिनं खाणं सोडलं, तोंडाला वास येऊ लागला, आणि ती खाटेखाली जाऊन बसली. फजरच्या अजानच्या आसपास ती गेली. आमच्या फ्लॅटला अंगण नाही. माझ्या भावाच्या मळ्यात, बांधाजवळ त्यानं कमरेएवढा खड्डा खणला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून एवढा खोल लागतो. जनाज्याची नमाज जनावराला नसते, हे मला ठाऊक आहे आणि मी ती मागितलीही नाही. जुन्या ओढणीत गुंडाळून माती दिली, एवढंच.

त्या दिवशी मी शाळेत गेले. अशा कारणासाठी रजेचा अर्ज काय लिहिणार? पण खरा त्रास मगरिबनंतर व्हायचा. नमाज झाली की पाय आपोआप पडद्याकडे वळायचे. चार महिने ज्या वेळेला हात एका जिवात गुंतलेले होते, ती वेळ आता मोकळी होती. लोकांना वाटतं आपण मांजरासाठी रडतो. ते खरंच आहे, पण आपण त्या वेळेसाठीही रडतो. म्हणून "दुसरी आण" हा सल्ला लागू पडत नाही. दुसरी आणली तरी ती टॉवेलवर येऊन बसणार नाही.

सगळ्यात बोचलं ते शिक्षकांच्या खोलीतलं वाक्य. एक सहकारी हसत म्हणाल्या, "बकरी ईदला बकरा कापता आणि मांजरासाठी रडता?" उत्तर मी तिथं दिलं नाही, इथं देते. बकऱ्यासाठीही आमच्या घरात रडतात. ईदच्या आधी चार दिवस बकरा दारात असला की मुलं त्याला पाला चारतात आणि ईदच्या सकाळी कोपऱ्यात जाऊन डोळे पुसतात. कोणी त्यांना रागवत नाही. सुरी धारदार असावी, ती जनावरासमोर पाजळू नये, एका जनावरासमोर दुसरं कापू नये, ही शिकवण आम्हाला मिळाली आहे. जनावराला भीती कळते हे मान्य केल्याशिवाय असे नियम होत नाहीत. खाण्यासाठी जीव घेणं आणि त्या जिवाला जीव मानणं, दोन्ही एकाच घरात राहतात.

आपल्या लोकांतही "एवढं रडू नये, गुनाह आहे" म्हणणारे भेटले. त्यांना मी अबू उमैरची गोष्ट सांगते. ती बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींमध्ये आहे. अबू उमैर हा हजरत अनस यांचा धाकटा भाऊ, अगदी लहान. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता, नुगैर. पक्षी मेला आणि पोरगं उदास बसलं. पैगंबर (स.) त्या घरी आले, त्याला पाहिलं, आणि मोठ्या माणसाला हाक मारावी तशी 'अबू उमैर' अशी हाक मारून विचारलं की नुगैरचं काय झालं? पक्षीच तर होता, असं ते म्हणाले नाहीत. दुसरा आणून देतो, असंही नाही. पुढे इब्नुल कास या शाफई विद्वानांनी या एवढ्याशा हदीसमधून साठ मुद्दे काढून स्वतंत्र पुस्तिका लिहिली. मला एकच मुद्दा पुरतो: त्यांनी पक्ष्याचं नाव घेतलं आणि विचारलं.

नूरी गेल्यावर असं विचारणारी एकच व्यक्ती भेटली, आमच्या शाळेतल्या शिपाईमावशी. "बाई, काय झालं हो तिला?" एवढंच त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. मी पाणी पिण्यापासून ओढणीपर्यंत सगळं सांगितलं. मग त्यांनी त्यांच्या गावच्या म्हशीचं सांगितलं, वीस वर्षांपूर्वी गेलेल्या. तिचं नाव चंद्रा होतं. त्यांनीही 'ती गेली' असंच म्हटलं.

मागच्या महिन्यात सातवीतला एक मुलगा दोन दिवस गप्प होता. कबुतर मेलं म्हणून, असं त्याचा मित्र खिदळत म्हणाला. मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत थांबवलं आणि कबुतराचं नाव विचारलं. त्यानं नाव सांगितलं, आणि मग सुट्टी संपेपर्यंत तो बोलत राहिला.