सोबत त्यालाही आण

आमगावच्या चुलतबहिणीचं लग्न आहे. पत्रिकेवर बाबांचं नाव आणि पुढे 'सहपरिवार'. माझ्या मित्राचं नाव त्यात असणार नव्हतंच. पण संध्याकाळी ताईचा फोन आला, ''त्यालाही घेऊन ये.'' तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

हे ताई एकटीच म्हणाली असती, तर ती तिची माया. पण मागून मोठ्या आईचा आवाज आला, ''गोंदियाहून सकाळीच निघा म्हणावं, हळदीचं जेवण चुकवू नका.'' मोठ्या आईने म्हटलं, म्हणजे घराने म्हटलं. हळदीला घरचीच माणसं असतात. फक्त रात्रीच्या पंगतीला बोलावणं वेगळं, त्यात माणूस गर्दीत मिसळून जातो.

तरी खरी कसोटी आहेराच्या वहीजवळ लागेल. तिथे बसलेले काका नाव विचारून रक्कम लिहून घेतात आणि पुढे त्या-त्या घरच्या कार्यात वही उघडून तेवढी परतफेड करतात. त्याचा आहेर बाबांच्या नावाखाली गेला, तर नातं ठरलं असंच सगळे धरतील. स्वतंत्र नावाने गेला, तर तो पाहुणा, आणि त्याच्या घराशी देण्याघेण्याचा नवा हिशेब सुरू.

आम्ही अजून घरी काही ठरवलेलं नाही. म्हणून पाकिटावर त्याचंच नाव घालायचं. आणि मोठ्या आईला उद्याच सांगायचं, की पाहुण्यांत ओळख करून देताना 'जावई' म्हणू नका. तिने मनापासून बोलावलंय, तिला लग्नमंडपात अडचण नको.