बारा आणि तेराच्या मध्ये

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्याकडे उत्तर द्यायला चार दिवस होते. नाशिकजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब आणि कागदपत्रं बघायची नोकरी होती. पगार २२ हजार, एक तारखेला रुजू व्हायचं, आणि होय की नाही ते रविवारपर्यंत कळवायचं. दुसऱ्या बाजूला राज्यसेवेचा सहावा अटेम्प्ट. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून मला तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि वय २९.

माझी आधीची रूममेट बंगळुरूला जाताना टॅरोचे पत्ते माझ्याकडे टाकून गेली होती. मी ते शिकले, पण परीक्षेवाली मुलगी जशी शिकते तशी. प्रत्येक पत्त्याच्या नोट्स काढल्या, दोन रंगांची पेनं वापरली. पत्त्यांना भविष्य कळतं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण त्या चार दिवसांत मी त्यांच्यासोबत जे केलं, ते सांगण्यासारखं आहे.

आधी थोडी माहिती. टॅरोचे एकूण ७८ पत्ते. त्यातले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांचे. उरलेले २२ म्हणजे मेजर अर्काना, शून्यापासून एकवीसपर्यंत. शून्यावर 'द फूल', म्हणजे मूर्ख. (मराठीत लिहिलं की तो फुलासारखा दिसतो, आणि त्याच्या हातात गुलाब आहेच, त्यामुळे मला ही गफलत आवडते.) हा फूल एकेका पत्त्याला भेटत एकवीसपर्यंत, म्हणजे 'द वर्ल्ड'पर्यंत जातो, अशी गोष्ट सांगतात. तिला फूलचा प्रवास म्हणतात. ती ऐकायला फार प्राचीन वाटते, पण तशी नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत चक्क खेळायला निघाले. प्रवासाची गोष्ट रुळली ती १९६० आणि ७०च्या दशकांत, ईडन ग्रे या अमेरिकन लेखिकेच्या पुस्तकांमुळे. जुन्या खेळात फूलचं काम वेगळंच होतं. समोरच्याने टाकलेल्या रंगाचं पान द्यायचं नसेल तर फूल टाकायचा. तो डाव जिंकत नाही, पण तुमचं चांगलं पान वाचतं. फ्रान्समध्ये आजही हा खेळ खेळतात आणि या पत्त्याला 'एक्स्क्यूज' म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सहसा पत्ते पिसतात आणि पालथे काढतात. मी पिसलेच नाहीत. रेचल पोलॅक यांच्या १९८०च्या पुस्तकात एक मांडणी आहे, ती केली. सगळे पत्ते उताणे, फूल एकटा वर आणि त्याच्याखाली सात-सातच्या तीन ओळी. पहिल्या ओळीत बाहेरचं जग येतं: आई, बाप, गुरू, प्रेम, रथ. दुसऱ्या ओळीत माणूस आत वळतो. तिसऱ्या ओळीत सैतान, कोसळणारा मनोरा, चांदणी, चंद्र, सूर्य अशी आपल्या आवाक्याबाहेरची मंडळी. मग एकच प्रश्न विचारायचा: यात मी आत्ता कुठे उभी आहे?

यात फसवणूक फार सोपी असते, म्हणून मी स्वतःला एक नियम घातला. पत्त्याचं नाव किंवा पुस्तकातला अर्थ बघून निवडायचं नाही. चित्रातल्या एखाद्या बारीक गोष्टीवर पेन ठेवायचं आणि गेल्या पंधरा दिवसांत त्यासारखं काय घडलं ते कागदावर लिहायचं. लिहिता आलं नाही तर तो पत्ता आपला नाही.

बुधवारी रात्री मी अर्थातच फूलवर पेन ठेवलं. दोराह्यावरचा प्रत्येक माणूस तेच करतो. माझ्याकडचा संच १९०९चा प्रसिद्ध संच होता, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. फूल कड्याच्या टोकावर उभा आहे, मान वर, काठीला छोटंसं गाठोडं, पायाशी पांढरा कुत्रा. मला वाटलं, हीच मी. नवी सुरुवात, नवी उडी! मग नियमाप्रमाणे लिहायला घेतलं आणि काहीच जमेना. त्याचं गाठोडं एवढंसं आहे, माझ्या कॉटखाली पुस्तकांची तीन पोती होती. तो खाली बघतच नाही, मी दुसरं काहीच बघत नव्हते. आणि मुख्य म्हणजे त्या चित्रात दोन रस्ते नाहीतच. फूल काही निवडत नाही, तो नुसता निघालेला आहे. ज्याला निवडायचं आहे तो शून्यावर नसतो.

मग गुरुवारी सहावा पत्ता, 'द लव्हर्स'. प्रेमाचा म्हणून प्रसिद्ध असला तरी मार्सेय पद्धतीच्या जुन्या संचांत त्यावर दोन बायकांच्या मध्ये उभा असलेला पुरुष आहे आणि वर बाण रोखलेला मदन. म्हणजे निवडीचाच पत्ता. मी वहीत दोन रकाने पाडले, नोकरी आणि अटेम्प्ट. दोन्हीकडे नऊ-नऊ मुद्दे झाले. मला मुद्दे काढता येतात, पाच वर्षं तेच तर केलं होतं.

पण नियम आडवा आला. गेल्या पंधरा दिवसांत मी खरंच दोन रस्त्यांच्या मध्ये उभी होते का? निकाल लागल्यापासून मी पुस्तक उघडलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन अभ्यासिकेत जायचे, कारण महिन्याचे पैसे भरलेले होते. माझ्या खुर्चीवर बसून रील्स बघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. हे लिहिलं आणि पेन आपोआप दुसऱ्या ओळीत गेलं.

बारावा पत्ता, 'द हँग्ड मॅन'. एका पायाने उलटा टांगलेला माणूस. नाव ऐकून फाशी आठवते, पण चित्र नीट बघा. ज्या लाकडाला तो टांगला आहे त्याला पानं फुटलेली आहेत. दुसरा पाय त्याने निवांत दुमडलाय. डोक्याभोवती तेज आहे आणि चेहरा शांत. तो शांत चेहराच मला लागला. मी दुःखात नव्हते, मी सवयीला आले होते. 'तयारी चालू आहे' या तीन शब्दांवर माझं सगळं भागत होतं. लग्नाचं विचारलं, तयारी चालू आहे. पैशांचं विचारलं, तयारी चालू आहे. प्रत्येक डावात मी एक्स्क्यूज टाकत होते. म्हणजे फूल मी होतेच, पण जुन्या खेळातला.

आता मांडणी उभी वाचायची. सात-सातच्या ओळी असल्यामुळे सहाच्या खाली तेरा येतो आणि तेराच्या खाली वीस. लव्हर्स, डेथ, जजमेंट. निवड, तिच्याखाली मृत्यू, त्याच्याखाली कबरीतून उठवणारी तुतारी. मी सहावर बसून नोकरी की अटेम्प्ट असं विचारत होते, आणि बारावरून पुढे जायचं तर वाटेत तेरा होता. तेव्हा मला विचारायला हवं होतं की आता संपवायचं काय आहे.

मला वाटलं, परीक्षा. पण तेरावा पत्ता बघताना ते उत्तर टिकेना. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा आहे, त्याच्या काळ्या झेंड्यावर पांढरा गुलाब (फूलच्या हातातला गुलाबही पांढराच). समोर चार जण आहेत. राजा आडवा पडलाय. धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एका तरुण मुलीने गुडघे टेकून तोंड फिरवलंय. आणि एक लहान मूल सरळ त्याच्याकडे बघतंय. मी पेन त्या मुलीच्या फिरवलेल्या तोंडावर ठेवलं आणि लिहिलं: आईला सांगितलं, दोन मार्कांनी गेलं. गेलं होतं ४१नी.

हे मी आधी कुठेच लिहिलं नव्हतं. आई गंगाखेडजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. ती दर महिन्याला पैसे पाठवायची ते त्या दोन मार्कांच्या जोरावर.

शनिवारी रात्री फोन केला. मागे मालिका चालू होती.

"आई, ते दोन मार्क नव्हते गं. एकेचाळीस होते."

मालिकेचा आवाज कमी झाला.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "तुझ्या मामानं यादी बघितली होती तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणलं." मग थोडं थांबून, "दुसरं काय आहे?"

नोकरीचं सांगितलं. तिने पगार विचारला, राहायची सोय विचारली, आणि जेवलीस का विचारून फोन ठेवला. रविवारी सकाळी मी होकार कळवला. त्या दोन रकान्यांकडे परत बघायची गरजच पडली नाही.

पुढचं सगळं पत्त्यांच्या क्रमाने झालं असं लिहायचा मोह होतो. तेरानंतर चौदावर 'टेम्परन्स' आहे, दोन पेल्यांमधलं पाणी शांतपणे एकमेकांत ओतणारा देवदूत. माझे पहिले तीन महिने तसे मुळीच नव्हते. व्हाउचर, पावसात गळणारं ऑफिस, आणि वर्गमैत्रिणीच्या निवडीची पोस्ट बघून बाथरूममध्ये रडणं. ही गोष्ट चढत्या पायऱ्यांची आहे आणि आयुष्याला तसे क्रमांक नसतात, ही या मांडणीची मोठी अडचण. दुसरी त्याहून वाईट. एका मैत्रिणीचे वडील आयसीयूत असताना मी उत्साहात तिच्यासमोर या तीन ओळी मांडल्या होत्या. ती सोळाव्या पत्त्याकडे, वीज पडून कोसळणाऱ्या मनोऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यानंतर चांदणी आहे म्हणून मी काय करू?" मी पत्ते उचलले. ज्याच्यावर घर पडतंय त्याला नकाशा दाखवू नये. अडकलेल्या माणसाला मात्र आपण नेमके कशात अडकलोय हे त्यातून दिसू शकतं, तेही त्याने नियम पाळला तर.

तीनपैकी दोन पोती कॉटवर नव्याने आलेल्या मुलीला दिली. तिसरं अप्पा बळवंत चौकात विकलं. पत्ते सोबत आणले.

गेल्या महिन्यात पुन्हा मांडले. बराच वेळ बघितलं आणि चौदाव्या पत्त्यावर, देवदूताच्या त्या दोन पेल्यांवर पेन ठेवलं. मग पंधरा दिवसांतलं काही आठवतंय का ते शोधायला लागले. काही सापडेना. पत्ते गोळा केले आणि उद्याच्या डब्याची भाजी निवडायला घेतली.